बिनव्याजी हप्त्यांवर घेतलेली मशीन १२ लाखांनी चढवली, ऑडिटर म्हणतात त्यात व्याज दडलंय

रेवती_खतावणी

नमस्कार मंडळी. इथे बरेच जण हिशेब आणि ऑडिटमधले आहेत म्हणून विचारते.

आम्ही एक पॅकिंग मशीन घेतली. आज काहीच द्यायचं नाही. १ वर्षाने ४ लाख, २ वर्षांनी ४ लाख, ३ वर्षांनी ४ लाख. एकूण १२ लाख. करारात ठळक अक्षरांत लिहिलंय, "बिनव्याजी हप्ते". बिलही १२ लाखांचंच. मी सरळ मशीन नावे १२ लाख, पुरवठादार जमा १२ लाख अशी नोंद केली आणि आयुष्य १० वर्षं धरून घसारा लावला.

ऑडिटरनी फाइल परत पाठवली. शेरा एका ओळीचा: "नेहमीच्या उधारीपलीकडचं देणं आहे, आयएएस १६ परिच्छेद २३ बघा." हाच पुरवठादार सुटे भाग देतो तेव्हा ४५ दिवसांची उधारी असते, त्यामुळे ३ वर्षं म्हणजे नेहमीची उधारी नव्हे हे मला पटलं. पण करारात व्याज नाही, बिलात नाही, कुणी मागत नाही. मग मी ते आणू कुठून? स्वतःच्या मनाने व्याज लावायचं म्हणजे पुस्तकं रंगवणंच झालं ना?

---

घाईघाईत

भाडेपट्टा आहे का हा? मग वेगळं स्टँडर्ड लागेल. वापराचा हक्क वगैरे दाखवावा लागतो.

---

रेवती_खतावणी

नाही हो, विकत घेतलीये. मालकी पहिल्या दिवसापासून आमची.

---

जुना_मुनीम

रेवतीताई, व्याज तुम्ही लावायचं नाहीये, ते आहेच. उलटा विचार करा. पुरवठादार आजच्या आज पैसे घेऊन मशीन १२ लाखांना विकेल का? विकत असेल तर ३ वर्षं पैसे वापरू देण्याबद्दल तो काहीच घेत नाही असं होईल. तसा दानशूर पुरवठादार मी तरी ३० वर्षांत पाहिला नाही. तो दोन गोष्टी विकतोय, एक मशीन आणि दुसरी उधारी. किंमत मात्र दोन्हींची मिळून एकच लिहिलीये, आणि वर "बिनव्याजी" अशी चिठ्ठी लावलीये.

परिच्छेद २३ एवढंच म्हणतो की मशीनची किंमत म्हणजे नोंद करण्याच्या दिवशीची रोखीची किंमत. त्या रकमेत आणि एकूण द्यायच्या रकमेत जो फरक पडतो तो उधारीच्या काळात व्याज म्हणून खर्ची पडतो. तुमच्या १२ लाखांतला एक तुकडा मशीनमध्ये बसतो, दुसरा दरवर्षी थोडा थोडा व्याजात उलगडतो. बाहेर जाणारे पैसे १२ लाखच राहतात.

रोखीची किंमत ठाऊक नसेल तर हप्त्यांची प्रेझेंट व्हॅल्यू काढायची. त्यासाठी असा दर घ्यायचा की ज्या दराने तुमच्याएवढीच पत असलेल्या माणसाला, तेवढ्याच मुदतीचं, त्याच चलनातलं कर्ज बाजारात मिळालं असतं. तुमची बँक काय दर लावते?

---

रेवती_खतावणी

गेल्या वर्षीचं मुदत कर्ज १० टक्क्यांनी आहे, ३ वर्षांचंच.

---

आकडेमोड

मग ताई, एक्सेलमध्ये एवढंच टाका:

```
=PV(10%,3,-400000)
```

९,९४,७४१ येईल. मशीन या रकमेने चढवायची. उरलेले २,०५,२५९ व्याज. ३ वर्षं आहेत म्हणून दरवर्षी ६८,४२० टाका, झालं काम.

---

जुना_मुनीम

पहिला अर्धा भाग बरोबर, दुसरा नाही. व्याज समान वाटायचं नसतं, उरलेल्या देण्यावर चढायचं असतं. पहिल्या वर्षी पूर्ण ९,९४,७४१ वापरायला मिळतात, म्हणून व्याज ९९,४७४. पहिला हप्ता गेला की देणं ६,९४,२१५ वर येतं आणि दुसऱ्या वर्षीचं व्याज ६९,४२१ होतं. तिसऱ्या वर्षी देणं ३,६३,६३६ उरतं, व्याज ३६,३६४. दोन्हींची मिळून शेवटच्या हप्त्याची रक्कम होते आणि खातं शून्य.

समान वाटलंत तरी तिसऱ्या वर्षाअखेरीस खातं शून्यच होतं, म्हणून ही चूक लवकर कुणाच्या लक्षात येत नाही. पकडायची असेल तर वर्षाचं व्याज भागिले वर्षाच्या सुरुवातीचं देणं करून पाहा. प्रत्येक वर्षी तोच टक्का यायला हवा. समान वाटपात पहिल्या वर्षी ७ च्या आसपास आणि तिसऱ्या वर्षी २० च्या जवळपास टक्का दिसतो.

---

हिशेबी

एक गोष्ट राहतेय. १२ महिन्यांच्या आतलं देणं असेल तर हा खटाटोप करावा लागत नाही. तशी सरळ सूट आहे. म्हणजे रेवती यांचा पहिला हप्ता बरोबर १ वर्षाने आहे, तो डिस्काउंट करायची गरज नाही, फक्त बाकीचे दोन करा.

---

जुना_मुनीम

हिशेबीराव, ती सूट विकणाऱ्याच्या बाजूची. महसुलाच्या स्टँडर्डमध्ये, आयएफआरएस १५ मध्ये, माल देणं आणि पैसे येणं यांत वर्षभराहून जास्त अंतर नसेल तर विक्रेत्याला उधारीचा भाग वेगळा काढायची सक्ती नाही. मशीन घेणाऱ्याला आयएएस १६ मध्ये १२ महिन्यांची रेघ कुठेच आखलेली नाही. तिथे कसोटी "नेहमीची उधारी" ही आहे. एखाद्या धंद्यात ९० दिवस नेहमीचे असतील, दुसऱ्यात ३० दिवसही फार. ६ महिन्यांच्या उधारीत फरक एवढा लहान निघतो की सोडून द्यावा, ही वेगळी गोष्ट. ते महत्त्वाच्या प्रमाणावरून ठरतं.

आणि हप्त्यांचे तुकडे पाडून एक डिस्काउंट आणि एक नाही असं करता येत नाही. करार एकच आहे.

---

हिशेबी

विक्रेत्याची सूट होय. मान्य. आमच्याकडे विक्रीचंच काम जास्त असतं, त्यामुळे तेच डोक्यात बसलंय.

---

नळजोडणी

धाग्यावर थोडं अवांतर. आम्ही प्लांट उभारून घेतला, त्यात १० टक्के रक्कम राखून ठेवलीये. दोषदुरुस्तीची मुदत १८ महिन्यांची, ती संपल्यावर द्यायची. हेही नेहमीच्या उधारीपलीकडचं म्हणून डिस्काउंट करायचं का?

---

सावकाश

यावर मी दोन ऑडिटरना दोन उत्तरं देताना ऐकलंय. एकाचं म्हणणं, राखीव रक्कम कर्ज म्हणून ठेवलेली नसते, काम नीट व्हावं यासाठीची ती दोरी असते, आणि त्या धंद्यात तसं ठेवणं नेहमीचंच आहे, म्हणून डिस्काउंट नको. दुसऱ्याचं म्हणणं, हेतू काहीही असो, आर्थिक देणं आहे आणि १८ महिन्यांनी फेडायचंय, तर सुरुवातीला रास्त मूल्यानेच धरा. मला पहिलं जास्त पटतं, पण रक्कम मोठी असेल तर हात आखडतो.

---

रेवती_खतावणी

मंडळी, एक घोळ झालाय. खरेदीची फाइल मागवली तर त्यात पुरवठादाराचं पहिलं कोटेशन सापडलं. त्यात लिहिलंय, "एकरकमी दिल्यास १०,२०,०००." आमच्या साहेबांनी तेव्हा पैसे अडकतील म्हणून हप्ते घेतले. आता १० टक्क्यांनी काढलेले ९,९४,७४१ घ्यायचे की कोटेशनचे १०,२०,०००?

---

जुना_मुनीम

हे आधी सांगायला हवं होतंत! रोखीची किंमत समोर असेल तर बँकेचा दर बाजूला ठेवा. परिच्छेद २३ तीच मागतो. प्रेझेंट व्हॅल्यू ही रोखीची किंमत सापडत नसतानाची वाट आहे.

मशीन १०,२०,००० ने चढवा. व्याज एकूण १,८०,०००. दर तुम्ही ठरवायचा नाही, तो आता करारातूनच निघतो.

---

आकडेमोड

दर मी काढला. १,८०,००० भागिले १०,२०,००० भागिले ३, म्हणजे ५.८८ टक्के. बँकेपेक्षा कितीतरी स्वस्त. साहेबांनी चांगला सौदा केला की!

---

जुना_मुनीम

हा सपाट दर झाला. तुम्ही असं धरताय की १०,२०,००० पूर्ण ३ वर्षं वापरायला मिळाले. पण पहिल्या वर्षानंतर ४ लाख परत गेले, दुसऱ्यानंतर आणखी ४ लाख. खरा दर असा:

```
=RATE(3,-400000,1020000)
```

८.५९ टक्क्यांच्या आसपास येईल. बँकेपेक्षा स्वस्तच, पण ५.८८ नव्हे. ५.८८ ने उलगडायला गेलात तर व्याज अपुरं पडेल आणि तिसऱ्या हप्त्यानंतर खात्यावर उलटी बाकी दिसेल.

---

सावकाश

मुनीमजी, कोटेशनवर इतका विश्वास? मी एका ठिकाणी पाहिलंय, "एकरकमी दिल्यास" हा आकडा ७ दिवसांपुरता होता आणि तो कुणी कधी घेतलाच नव्हता. विक्रीवाल्याने हप्ते आकर्षक दिसावेत म्हणून रोखीचा आकडा मुद्दाम फुगवून ठेवला होता. अशा कागदावरच्या किमतीला रोखीची किंमत म्हणायचं का?

शिवाय दोन्ही कागदांत तेच मिळतंय का हे बघा. बऱ्याचदा हप्त्यांच्या करारात ३ वर्षांची देखभाल घुसवलेली असते. तसं असेल तर १२ आणि १०.२ मधला फरक सगळा व्याजाचा नाही, त्यात देखभालीचा खर्चही आहे.

---

जुना_मुनीम

दोन्ही मुद्दे रास्त. म्हणूनच मी बँकेचा दर फेकून द्या म्हटलं नाही, बाजूला ठेवा म्हटलं. कोटेशनमधून ८.५९ निघाला, बँक १० घेते. दोन्ही एका पट्ट्यातले आहेत, म्हणजे आकडा विश्वासाचा वाटतो. उद्या कोटेशनमधून २ टक्के निघाले असते तर मी म्हटलं असतं, रोखीची किंमत फुगवलीये. २५ निघाले असते तर म्हटलं असतं, हप्त्यांत मशीनशिवाय आणखी काहीतरी आहे. ताई, देखभालीचं कलम आहे का ते एकदा बघून घ्या.

---

रेवती_खतावणी

बघितलं. देखभाल नाही. बसवून देणं दोन्हींत आहे. तेच पुरवठादार गेल्या तिमाहीत दुसऱ्या एका कंपनीला रोखीने १०,१५,००० ला विकून बसलेत, हे आमच्या खरेदीवाल्याने सांगितलं. म्हणजे १०,२०,००० खोटं नसावं.

आता दुसरं. आमचं वर्ष खरेदीनंतर ६ महिन्यांनी संपलं. तोवर एकही हप्ता गेलेला नाही. मग या वर्षी व्याज शून्यच ना?

---

हिशेबी

हप्ता नाही तर व्याज नाही. सरळ आहे.

---

जुना_मुनीम

हप्त्याचा आणि व्याजाचा काही संबंध नाही. पैसे वापरायला मिळाले त्या दिवसापासून व्याज चढतं, हप्त्याला फक्त देणं कमी होतं. सहा महिन्यांचं व्याज धरावंच लागेल. १ अधिक वार्षिक दर याचं वर्गमूळ घेऊन त्यातून १ वजा केला आणि त्या दराने काढलं तर ४२,८९६ येतात. वर्षाचे ८७,५९७ काढून निम्मे केले तर ४३,७९८. फरक ९०० च्या आसपास. काटेकोर पहिली रीत आहे. कामाच्या घाईत दुसरी वापरणारे बरेच आहेत आणि एवढ्या फरकावरून कुणी भांडत नाही, फक्त दरवर्षी तीच रीत ठेवा.

---

रेवती_खतावणी

काढलं आणि साहेबांना दाखवलं. त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. आधी सहा महिन्यांचा घसारा ६०,००० होता. आता घसारा ५१,००० आणि व्याज ४२,८९६, म्हणजे ९३,८९६. नफा ३३,८९६ ने खाली. म्हणाले, "एक पैसा जास्त न देता तुम्ही मला जास्त तोटा दाखवताय."

---

सावकाश

त्यांना सांगा, १० वर्षांत खर्च एकूण १२ लाखच पडणार. आधी सगळा घसाऱ्यातून १० वर्षांवर पसरला होता, आता १,८०,००० पहिल्या ३ वर्षांतच पडतात, कारण उधारी ३ वर्षांचीच होती. नंतरची ७ वर्षं दरवर्षी १८,००० कमी घसारा पडेल तेव्हा चेहरा बघा.

---

घाईघाईत

व्याज मशीनच्या किमतीतच मिळवलं तर? मशीन घेण्यासाठीच लागलं ना ते.

---

जुना_मुनीम

मशीन वापरायला तयार व्हायला बराच काळ लागत असेल, तर त्या काळापुरतं व्याज आयएएस २३ खाली किमतीत जातं. आयएएस १६ च्या परिच्छेद २३ मध्येही त्याचा अपवाद आहे. पण आणली, बसवली आणि आठवड्यात चालू झाली अशी मशीन त्यात बसत नाही. तयार झाल्यानंतरचं व्याज तर कुठल्याच मशीनचं किमतीत जात नाही. ताई, तुमची किती दिवसांत चालू झाली?

---

रेवती_खतावणी

९ दिवसांत.

---

जुना_मुनीम

मग सगळं खर्चात.

---

आकडेमोड

एक शंका, पुरवठादाराच्या खात्याचं काय? त्यांचं स्टेटमेंट येणार १२ लाखांचं, आपल्या पुस्तकात १०,२०,०००. ताळमेळ घालणारा दरमहा बोंब मारेल.

---

रेवती_खतावणी

हेच माझ्याकडे झालं, म्हणून मी असं केलंय. पुरवठादाराच्या खात्याला १२ लाख जमाच ठेवले, म्हणजे त्यांच्या स्टेटमेंटशी जुळतं. "न उलगडलेलं व्याज" नावाचं वेगळं खातं काढून त्यात १,८०,००० नावे. ताळेबंदात दोन्ही एकत्र करून निव्वळ रक्कम दाखवते. दर महिन्याला त्या खात्यातून व्याज खर्चात काढते. चूक आहे का?

---

जुना_मुनीम

पुस्तकात चालेल. फक्त ते न उलगडलेलं व्याज मालमत्तेच्या बाजूला दाखवू नका. काही जण ते आगाऊ खर्चात टाकतात, मग ताळेबंद दोन्ही बाजूंनी १,८०,००० ने फुगतो. ती मालमत्ता नाही, अजून चढलेलंच नाही असं व्याज आहे. आणि हे देणं सुट्या भागांच्या उधारीत मिसळू नका, स्वभावाने ते कर्जाजवळचं आहे.

पुढच्या वर्षी बँकेने दर बदलला तरी हा व्याजाचा तक्ता पुन्हा मोजायचा नाही. दर खरेदीच्या दिवशी ठरला तो ठरला. लवकर फेडलंत आणि पुरवठादाराने सूट दिली तर ती नफ्या-तोट्यात जाते, मशीनची किंमत त्याने हलत नाही.

---

रेवती_खतावणी

तक्ता केला पण तिसऱ्या हप्त्यानंतर शून्य येत नाही. ४८ उरतात. तीनदा तपासलं.

---

आकडेमोड

दर ८.५९ असा टाइप केलात ना? तो गोलावलेला आहे. RATE चा सेल सरळ जोडा, दर हाताने लिहू नका. मग वर्षांचं व्याज ८७,५९७, ६०,७६८ आणि ३१,६३५ येईल आणि खाली शून्य. या बाबतीत तरी माझं ऐका, वरती दोनदा चुकलोय.

---

रेवती_खतावणी

आलं शून्य! आभार. आता शेवटचं. वर्षाअखेरीस निव्वळ देणं १०,६२,८९६ आहे. त्यातलं चालू देणं किती? पुढच्या १२ महिन्यांत एकच हप्ता जाणार, ४ लाखांचा, आजपासून ६ महिन्यांनी. पण ४ लाख तर पूर्ण आज पुस्तकात नाहीत.

---

सावकाश

माझ्या मते त्या हप्त्याची आजची किंमत, म्हणजे ४ लाखांतून सहा महिन्यांचं व्याज वजा, ३,८३,८५७. पुढच्या १२ महिन्यांत फेडायचा भाग तोच. बाकी ६,७९,०३९ लांबचं.

---

जुना_मुनीम

मी आजवर दुसरी रीत वापरत आलोय. आजचं देणं १०,६२,८९६, वर्षभराने उरणारं देणं ७,३७,३५५. जेवढं कमी होतंय तेवढं चालू, म्हणजे ३,२५,५४१. बँक कर्जाला आपण तेच करतो.

---

सावकाश

पण मुनीमजी, ७,३७,३५५ मध्ये पुढच्या वर्षी चढणारं व्याज आलं. ते आजच्या ताळेबंदात कुठे आहे? आज नसलेली रक्कम लांबच्या देण्यात कशी धरता?

---

जुना_मुनीम

मुद्दा आहे खरा. पण मग बँक कर्जांचे सगळे ताळेबंद पुन्हा काढावे लागतील हो. आमच्या ऑडिटरने दोन्ही रीती चालवून घेतल्यात, फक्त दरवर्षी बदलू नका म्हणाला.

---

रेवती_खतावणी

मी ३,८३,८५७ टाकून पाठवतेय. ऑडिटर काय म्हणतात ते इथेच कळवते. रोख प्रवाहात हप्ता कुठे दाखवायचा हेही विचारायचंय. खरेदीच्या वर्षी पैसे गेलेच नाहीत म्हणून तिथे काही दाखवलं नाही. पुढच्या वर्षी ४ लाख जातील तेव्हा मुद्दल वित्तपुरवठ्यात टाकायचं असं मी धरलंय.

---

हिशेबी

मुद्दल गुंतवणुकीत जायला हवं, मशीनच घेतलीये ना! यावर वेगळा धागा काढा ताई, मी भांडायला येतो.